नदीचे क्षार आणि सागराचे मीठ



‘समुद्राचे पाणी खारट का?’ हा प्रश्न प्राथमिक वर्गांत दरवर्षी निघतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. नद्या डोंगरांतील खडकांचे क्षार विरघळवून समुद्रात नेतात, समुद्राच्या पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात आणि युगानुयुगे साठत जातात. हे उत्तर चुकीचे नाही. ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा प्रत्येक स्वयंपाकघरात दिसू शकतो. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तो नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यातूनच आलेला असतो. पाण्याची वाफ होऊन गेली, क्षार मागे राहिले. पण हा थर खारट लागत नाही. तो खडूसारखा बेचव असतो. समुद्र म्हणजे केवळ आटवलेली नदी असती, तर समुद्राचे पाणीही खारट न होता खडूच्या निवळीसारखे झाले असते. मग मीठ आले कोठून, आणि खडू गेला कोठे?

प्रथम नदीकडे पाहणे सोयीचे. पावसाचा थेंब हवेतून खाली येताना कार्बन डायऑक्साइड वायूचा काही अंश शोषून घेतो आणि त्यामुळे किंचित आम्लधर्मी होतो. मातीत मुरल्यावर, मुळांच्या व जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला हाच वायू त्यास अधिक प्रमाणात मिळतो. हे सौम्य आम्ल खडकातील खनिजे हळूहळू विघटित करते. दख्खनच्या काळ्या पाषाणावर त्याचे कार्य चालते तेव्हा खडकातील कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि थोडा सिलिका पाण्याबरोबर निघून जातो. जे वाहून जाऊ शकत नाही, ते चिकणमातीच्या रूपाने मागे उरते. विदर्भ-माळव्यातील कापसाची काळी जमीन ही त्या झिजेतूनच घडलेली आहे. शेतकऱ्यास दिसते ती माती. विरघळून गेलेला भाग नर्मदेच्या, गोदावरीच्या पाण्यात डोळ्यांस न दिसता समुद्राकडे चाललेला असतो. चुनखडीचा प्रदेश असेल तर हेच काम कितीतरी वेगाने होते.

जगातील नद्यांच्या पाण्याची सरासरी काढली, तर एका लिटरमध्ये जेमतेम १२० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ आढळतात. त्यांतील जवळजवळ निम्मा वाटा बायकार्बोनेटचा असतो, त्याखालोखाल कॅल्शियम सुमारे १५ मिलिग्रॅम आणि सोडियम अवघे ६ मिलिग्रॅम. इतक्या अल्प प्रमाणामुळे नदी जिभेस गोड वाटते. समुद्राच्या एका किलो पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तेथील क्रम निराळाच आहे. क्लोराइड १९ ग्रॅमहून अधिक, सोडियम जवळजवळ ११ ग्रॅम. कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. नदीत जे पुढे, ते समुद्रात मागे. नदीत जे मागे, ते समुद्रात पुढे.

या कोड्यावरच एक सुंदर गणित उभे राहिले, आणि त्याच गणिताने कोड्याची उकलही सुचवली. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी आहे, त्या एडमंड हॅली यांनी १७१५ साली असे सुचवले की, नद्या क्षार आणतात आणि समुद्रातून बाहेर जाण्यास वाट नाही, तर क्षारांच्या वाढीवरून जगाचे वय काढता येईल. कॅस्पियनसारख्या, नदी आत येते पण बाहेर पडत नाही अशा सरोवरांचे खारेपण त्यांच्यासमोर होते. पुढे १८९९ साली डब्लिनचे भूशास्त्रज्ञ जॉन जोली यांनी सोडियम घेऊन हे गणित प्रत्यक्ष मांडले आणि सागराचे वय आठ ते नऊ कोटी वर्षे काढले.

श्रोतेहो, आजचे स्थूल आकडे घेऊन हे गणित शाळकरी मुलासही करता येईल. सागरांत सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे आणि सर्व नद्या मिळून दरवर्षी सुमारे ४० हजार घन किलोमीटर पाणी आणतात. म्हणजे रिकामा सागर भरण्यास नद्यांना सुमारे ३३ हजार वर्षे लागतील. सागराच्या पाण्यातील सोडियम नदीच्या सुमारे १,८०० पट आहे. सागर तितक्या वेळा भरून आटला पाहिजे. ३३ हजारांस १,८०० ने गुणले की सुमारे ६ कोटी वर्षे येतात. जोली यांच्या उत्तराशी हे पुष्कळ जुळते. परंतु आज खडकांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरले आहे. सोडियमचे घड्याळ एवढे मागे कसे पडले?

चूक गुणाकारात नाही, हे पाहण्यासाठी तेच गणित कॅल्शियमवर करावे. समुद्रातील कॅल्शियम नदीच्या अवघे २७ पट आहे. उत्तर येते सुमारे ९ लाख वर्षे. मॅग्नेशियमवरून पाहिले तर सुमारे १ कोटी. एकाच सागराची तीन निरनिराळी वये! याचा अर्थ एवढाच निघतो की हे आकडे सागराच्या वयाचे नाहीतच. प्रत्येक पदार्थ समुद्रात येतो, काही काळ राहतो आणि निघून जातो; गणितातून जे येते ते त्याच्या मुक्कामाची मुदत होय. धर्मशाळेत दररोज किती उतारू येतात आणि आत किती आहेत, एवढ्यावरून एकेकाचा मुक्काम सांगता येतो, इमारत कधी बांधली ते नव्हे. हॅली आणि जोली यांनी धर्मशाळेस मागचे दारच नाही असे गृहीत धरले होते.

मागची दारे पुष्कळ आहेत. कॅल्शियमचे दार जिवंत आहे. शंख, शिंपले, प्रवाळ आणि त्यांहूनही अधिक सूक्ष्म तरंगते जीव पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन आपली कवचे घडवतात. मेल्यावर ती तळाशी साचतात आणि कालांतराने त्यांची चुनखडी होते. भांड्याच्या तळाशी जो थर धरतो, जवळजवळ तोच पदार्थ समुद्राच्या तळाशी या जीवांकरवी बसत असतो. आरंभी विचारलेला खडू असा गेला.

मॅग्नेशियमचे एक मोठे दार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दृष्टीसच पडले नव्हते. १९७७ साली प्रशांत महासागरात गॅलापॅगोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरलेल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळावर उष्ण पाण्याचे झरे आढळले. दोन वर्षांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे काळा धूर ओकावा तसे पाणी सोडणाऱ्या धुराड्यांसारख्या रचना सापडल्या. त्या पाण्यात घातलेल्या तापमापकाची प्लास्टिकची दांडी वितळली, इतके ते तप्त होते. पुढील मोजणीत तापमान सुमारे ३५० अंश सेल्सिअस निघाले. एवढ्या तापमानासही ते उकळत नाही, कारण वरच्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे अडीचशे पट असतो.

हे पाणी पृथ्वीच्या पोटातून नव्याने आलेले नव्हे; ते समुद्राचेच असते. सागरतळावरील पर्वतरांगांच्या माथ्याशी नवा खडक तयार होत असतो आणि त्याला भेगा असतात. थंड पाणी त्या भेगांतून खाली झिरपते, तापलेल्या खडकाशी भिडते आणि तेथे देवघेव होते. पाण्यातील मॅग्नेशियम खडकात बांधले जाते, सल्फेटही बव्हंशी मागे राहते. त्याच्या बदल्यात खडकातून कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका, लोह, मँगनीज, तांबे आणि जस्त पाण्यात उतरते. वर येताच हे पाणी सुमारे २ अंशांच्या थंड पाण्यात मिसळते आणि धातूंचे गंधकाशी झालेले संयुग काळ्या कणांच्या रूपाने बाहेर पडते. तोच तो ‘धूर’; त्यातूनच धुराडे उभे राहते. शुद्ध झऱ्याच्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ शून्य असते. म्हणूनच गोळा केलेल्या नमुन्यात मॅग्नेशियम आढळले, तर त्यात भोवतालचे समुद्रजल किती मिसळले याचा अंदाज शास्त्रज्ञ त्यावरूनच बांधतात.

तळावरचे झरे समुद्रास खारट करतात, असे विधान पुष्कळदा छापले जाते. ते अर्धेच खरे आहे. झरे काही देतात आणि काही घेतात. मिठाचा मुख्य पुरवठा त्यांचा नव्हे. झऱ्यांची खरी करामत समुद्राच्या क्षारांचे परस्परप्रमाण राखण्यात आहे. मिठागरात काम करणाऱ्यांना मॅग्नेशियमची चव ठाऊक असते: मीठ बसल्यावर जे दाट पाणी उरते, ते त्याच्यामुळे कडू लागते. नदीने आणलेले मॅग्नेशियम काढून घेणारे कोणी नसते, तर समुद्राचे पाणी आहे त्याहून कितीतरी कडू झाले असते.

राहिले क्लोराइड. खडकांच्या झिजेतून ते फारच थोडे मिळते. त्याचा मूळ पुरवठा ज्वालामुखींचा आहे. पृथ्वीच्या तारुण्यात तिच्या अंतरंगातून वाफेबरोबर हायड्रोजन क्लोराइडही बाहेर पडला आणि पाण्यात विरघळला. अशा रीतीने मिठातील सोडियम पाषाणातून आले आणि क्लोराइड वायूरूपाने. दोघांची वाट वेगळी, भेट पाण्यात. दोघांनाही कवचात घेणारा जीव नाही. सोडियमचा काही अंश चिकणमातीत आणि तळाच्या खडकात अडकतो खरा, पण त्याची गती मंद. म्हणून दोघांचा मुक्काम कोट्यवधी वर्षांचा होतो आणि समुद्र खारट लागतो.

तथापि त्यांनाही एक मोठे दार आहे. समुद्राचा एखादा हात भूमीने वेढला जातो, ऊन तापते, पाणी आटते आणि मिठाचे थर बसतात. पाकिस्तानातील पंजाबात खेवडा येथे असे थर आजही खणले जातात. ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे ते अवशेष होत. उपवासाच्या पदार्थांत पडणारे सैंधव अशाच मिठाचे, आणि त्याचे नाव सिंधूवरून आलेले. भूमीच्या हालचालींनी हे थर वर उचलले गेले की पाऊस त्यांना विरघळवतो. वाऱ्याने उडवलेले समुद्राचे तुषार पावसातून परत येतात, त्यांचीही भर पडते. त्यामुळे आज नदीत जे थोडे मीठ आढळते, त्यातील पुष्कळसे खडकातून प्रथमच सुटलेले नसते. ते पूर्वी एकदा समुद्रात राहून आलेले असते आणि आता पुन्हा तिकडेच निघालेले असते.