काळ्या टी-शर्टामागचे मीठ

पेणच्या मिठागरांशी परिचय असलेल्या श्रोत्यांना समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात हे ठाऊक असेलच. परंतु सुती कापड गडद काळे रंगवताना रंगाच्या लिटरभर पाण्यात बहुधा ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ घालतात, याकडे कपडे घेणाऱ्याचे लक्ष जात नाही. सुती धागा व रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग, हे दोन्ही पाण्यात ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. मीठ हा दुरावा कमी करते आणि नंतर घातलेल्या सोड्यामुळे बंध जुळतो.

२०० ग्रॅमच्या टी-शर्टासाठी दसपट, म्हणजे दोन लिटर पाणी धरले, तर १२० ग्रॅम मीठ लागते आणि त्यातले जवळजवळ काहीही कापडात राहत नाही. रंगाचाही काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि तो काढण्यासाठी कापड पुनःपुन्हा धुवावे लागते. ऋतूगणिक बदलणाऱ्या स्वस्त फॅशनच्या घाईत ही धुलाई आखडली, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासताच रंग उतरतो.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, त्यामुळे असे केंद्र असले की प्रश्न मिटला, असा समज तेथे सहज होऊ शकतो. अशा केंद्रांतील जिवाणू सेंद्रिय घाण खातात. मीठ मात्र खात नाहीत. हे पुन्हा सांगणे भाग आहे: गाळून, निवळून किंवा जिवाणूंकडे सोपवून मीठ जात नाही. कुंडलिकेच्या खाडीत भरतीचे पाणी मुळातच खारे असते, पण नदीच्या गोड पाण्यावर शेती असेल तर तेच मीठ जमीन नापीक करते. तिरुपूरमध्ये नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांनी हे भोगले आणि २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

त्यानंतर तेथे सांडपाणी बाहेर न सोडण्याची पद्धत रुळली: सूक्ष्म पडद्यांतून दाबाने बरेचसे पाणी परत मिळवायचे आणि उरलेले खारे पाणी आटवायचे. हे एका अर्थी मिठागरच होय. फरक इतकाच की पेणला ऊन फुकट मिळते आणि कोंडीत पाणी सावकाश आटते, तर कारखान्याला त्यासाठी इंधन जाळावे लागते आणि हाती येणारे मीठही शुद्ध नसते. हा खर्च स्वस्त कपड्याच्या किमतीत बसत नाही, म्हणून तो टाळण्याचा मोह होतो.

म्हणून दोनदा वापरून काळा कपडा टाकून देणाऱ्याने त्या १२० ग्रॅमांचा हिशेब मनात ठेवावा. फिक्या छटेला मीठ बरेच कमी लागते. कमी मिठात रंगवण्यासाठी सुती धाग्यालाच धनभार देण्याचे तंत्रही आहे, पण त्याच्या मर्यादांचा विचार आजच्या वेळेत मावणारा नाही. मीठ गाळून जात नाही, एवढे तरी श्रोत्यांनी विसरू नये.