भाड्याच्या खोलीचे कागद आणि जीएसटी अधिकाऱ्याची विचारणा

मागच्या वेळी आपण गटाच्या पॅन कार्डाबद्दल बोललो होतो. तेव्हा आपल्यातल्या काही जणींनी विचारलं होतं, की जीएसटी नोंदणीचा अर्ज केला आणि त्यावर साहेबांनी काही विचारलं, तर तो अर्ज फेटाळला असं समजायचं का? नाही. विचारणा आली म्हणजे अर्ज जिवंत आहे. मात्र उत्तराला मुदत असते आणि ती चुकली तर अर्ज जातो. आमच्या सिंधुदुर्गातल्या एका गटाचं २०२५ च्या जूनमध्ये नेमकं काय झालं, ते आज सांगतो.

हा गट मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ करतो. बाजाररस्त्यावर दहा बाय बाराची एक खोली महिना १५०० रुपये भाड्यानं घेतली आहे. गटाची विक्री काही लाखांत नाही. पण म्हापशाच्या एका दुकानदारानं गणपतीसाठी मोठी मागणी दिली. गोवा म्हणजे दुसरं राज्य. अशा करपात्र मालाची विक्री राज्याबाहेर करायची, तर उलाढाल थोडी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. म्हणून गटानं अर्ज केला. gst.gov.in या संकेतस्थळावर नोंदणीला सरकारी फी नाही. तालुक्याच्या एका संगणक केंद्रातून सोमवारी, २ जूनला अर्ज भरला गेला. पावती म्हणून ARN नावाचा क्रमांक मिळाला. तो क्रमांक सचिवताईंनी वहीत लिहून ठेवला आणि आम्ही सगळ्या मसाल्याच्या कामाला लागलो.

आमची पहिली चूक इथेच झाली होती. अर्जात मोबाईल नंबर आणि ईमेल दोन्ही त्या केंद्रातल्या माणसाचे घातले होते, कारण ते सोपं वाटलं. अधिकाऱ्यांची विचारणा ९ जूनला आली, पण त्याच्या मोबाईलवर. तो गावाला गेलेला. आम्हाला कळलं गुरुवारी, १२ जूनला, तेही अध्यक्षताईंनी सहज चौकशी केली म्हणून. नोटिशीला उत्तर द्यायला कामकाजाचे ७ दिवस मिळतात. शनिवार-रविवार सोडून मोजलं तर आमची मुदत १८ तारखेला संपत होती. पहिले दोन दिवस तर आम्हाला काही माहीत नसतानाच गेले होते.

म्हणून अर्जात नंबर गटाच्याच कुणाचा तरी द्या, आणि अर्ज केल्यावर दर दोन दिवसांनी स्वतः पाहत जा. संकेतस्थळावर Services, मग Track Application Status असं जायचं, Registration निवडायचं आणि ARN टाकायचा. तिथे Pending for Clarification असं दिसलं, तर विचारणा आली आहे असं समजा.

विचारणेच्या नोटिशीला GST REG-03 म्हणतात. आमच्या नोटिशीत दोनच गोष्टी होत्या. पहिली, भाडेकराराचं फक्त पहिलं पान चढवलं आहे, पूर्ण करार द्या. दुसरी, करार ज्या व्यक्तीनं करून दिला आहे तिचं नाव आणि वीजबिलावरचं नाव वेगळं आहे, त्याचा खुलासा करा.

आमची एक मैत्रीण म्हणाली, खोली तर आपण रोज उघडतो, भाडं देतो, मग यांना कशाला हवं? पण साहेबांच्या जागी बसून बघा. त्यांनी ना खोली पाहिलेली, ना आपल्याला. खोट्या पत्त्यावर नोंदणी घेऊन खोटी बिलं फाडणारे लोकही असतात. म्हणून त्यांना कागदावरून एकच गोष्ट ताडून पाहायची असते. ही जागा ज्यानं दिली, त्याला ती देण्याचा हक्क आहे का? भाडेकरार सांगतो की जागा कुणी दिली. घरपट्टीची पावती किंवा वीजबिल सांगतं की जागा कुणाची आहे. या दोन कागदांवरची नावं जुळली आणि जागेचा पत्ता, घर क्रमांक एकच असला, तर साखळी पुरी होते. आमची साखळी मधेच तुटली होती.

कारण अगदी घरगुती होतं. खोली आहे म्हातारीची. आम्ही तिला आजीच म्हणतो. घरपट्टी तिच्या नावावर, वीजबिल तिच्या नावावर. पण भाडं घ्यायला येतो मुलगा. म्हणून करार लिहिताना मालक म्हणून त्याचंच नाव घातलं होतं. गावात हे कुणाला खटकत नाही. कागदावर मात्र मुलगा मालक नव्हता.

मग करायचं काय? एक जण म्हणाला, आजीच्या नावानं नवा करार करा आणि त्यावर मे महिन्यातली तारीख टाका, कुणाला कळतंय! आम्ही ते केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. स्टॅम्पपेपर कधी विकत घेतला ते त्याच्यावरच असतं, नोटरीच्या वहीतही त्या दिवसाची नोंद होते. खुलासा मागितला असताना खोटा कागद द्यायचा, म्हणजे साधी चूक होती तिची लबाडी करायची.

आम्ही शुक्रवारी आजीकडे गेलो. आजी आधी घाबरली. "माझ्या घरावर तुमचं नाव लागणार काय गो?" असं विचारलं तिनं. तिची ती भीती खरी होती. आम्ही करार मोठ्यानं वाचून दाखवला. हा भाड्याचा कागद आहे, मुदत ११ महिने, मालक तुम्हीच, असं तिच्या मुलासमोर सांगितलं. मग ती तयार झाली. कराराची ऑनलाइन नोंदणी करावी असा आमचा विचार होता. पण तिथे अंगठा यंत्रावर उमटावा लागतो, आणि आयुष्यभर भात लावलेल्या त्या हाताच्या रेषा पुसट झाल्या आहेत. चार वेळा प्रयत्न केला, यंत्रानं घेतला नाही. तेव्हा स्टॅम्पपेपरवर करार करून शनिवारी, १४ तारखेला, नोटरीसमोर आजीची सही घेतली.

इथे एक फरक लक्षात ठेवा. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असेल, तर करार आणि मालकीचा एक कागद एवढं पुरतं. मालकीचा कागद म्हणजे चालू घरपट्टीची पावती किंवा वीजबिल किंवा पाणीबिल, यांपैकी कोणताही एक. करार नोंदवलेला नसेल, तर यांच्या जोडीला मालकाचं ओळखपत्र लागतं. आमचा करार नोंदवलेला नव्हता, म्हणून आम्ही आजीचं मतदार ओळखपत्र जोडलं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं १७ एप्रिल २०२५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनेत हे स्पष्ट लिहिलं आहे. मालकाचं पॅन, आधार किंवा मालकाचा जागेतला फोटो मागू नये, असंही त्यात आहे. ही सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. आपला अर्ज राज्याच्या अधिकाऱ्यांकडेही जाऊ शकतो. म्हणून वाद घालण्यापेक्षा नोटिशीत काय मागितलं आहे ते नीट वाचा, आणि जास्तीचं काही मागितलं असेल तर या सूचनेचा उल्लेख नम्रपणे उत्तरात करा.

सोमवारी, १६ तारखेला, आम्ही उत्तर भरलं. या वेळी अध्यक्षताई स्वतः केंद्रात बसल्या. Services, मग Registration, मग Application for Filing Clarifications. तिथे नोटिशीचा क्रमांक किंवा ARN टाकला की नोटीस उघडते. मग विचारतात, मूळ अर्जात बदल करायचा आहे का? आम्हाला जुना करार काढून नवा चढवायचा होता, म्हणून 'होय' केलं. तेव्हा पहिला अर्ज दुरुस्तीसाठी पुन्हा उघडला. जागेच्या भागात नवा करार सगळ्या पानांसह, सह्यांच्या शेवटच्या पानासकट, एकाच फाईलमध्ये घातला. घरपट्टीची पावती आणि ओळखपत्र जोडलं. नुसता खुलासा करायचा असता, तर 'नाही' करून फक्त उत्तर लिहिलं असतं.

उत्तर आम्ही असं लिहिलं: "आधीचा करार घरमालकिणीच्या मुलानं केला होता, कारण भाड्याचा व्यवहार तो पाहतो. जागेच्या मालक त्याची आई आहेत. त्यांनी स्वतः १४ जून २०२५ रोजी केलेला करार सर्व पानांसह जोडला आहे. घरपट्टीची पावती व वीजबिल त्यांच्याच नावावर आहे. त्यांचं ओळखपत्र जोडलं आहे." एवढंच. त्यात ना गाऱ्हाणं, ना गटाचा इतिहास. जेवढं विचारलं, तेवढंच उत्तर, त्याच क्रमानं. शेवटी सही करणाऱ्या अध्यक्षताईंच्या मोबाईलवर ओटीपी आला, तो टाकला आणि उत्तर गेलं. या उत्तराच्या फॉर्मला GST REG-04 म्हणतात.

उत्तर मिळाल्यापासून कामकाजाच्या ७ दिवसांत अधिकाऱ्यांनी निर्णय द्यायचा असतो. आम्हाला २४ जूनला नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं. उत्तर गेलंच नसतं, तर अर्ज फेटाळल्याचा आदेश आला असता. मग पुन्हा नवा अर्ज, नवे दिवस, आणि म्हापशाची मागणी कदाचित दुसऱ्या कुणाकडे गेली असती.

आता ज्या गटांना अर्ज करायचा आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एक काम करा. भाडेकरार आणि घरपट्टीची पावती शेजारी शेजारी ठेवा. मालकाचं नाव दोन्हीकडे तेच आहे का? घर क्रमांक तोच आहे का? कराराची मुदत संपली तर नाही ना? घरपट्टी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असेल, तर आधी मालकाला ग्रामपंचायतीत वारसनोंद करून घ्यायला सांगा. त्याला वेळ लागतो, आणि नोटिशीचे सात दिवस त्याला पुरत नाहीत. जागा भाड्याची नसून कुणी प्रेमानं वापरायला दिली असेल, तर भाडेकरार लिहू नका. संमतीपत्र घ्या, देणाऱ्याचं ओळखपत्र आणि त्याच्या नावाची घरपट्टी पावती किंवा वीजबिल जोडा, आणि अर्जातही Rented न निवडता Consent निवडा.

आजी आता दर महिन्याला भाडं स्वतः मोजून घेते आणि पावतीवर सही करते. मुलगा नुसता शेजारी बसतो. पुढच्या वेळी आपण पहिलं बिल कसं फाडायचं ते बघू. तोवर आपापले कागद काढून ठेवा. नमस्कार.