वर्ग संपला, तुकडी टिकावी
(ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आज प्रमाणपत्रे हाती पडली की आपण चाळीस जण आपापल्या गावी परताल. तुकडीचा व्हॉट्सॲप गट पहिल्याच दिवशी तयार झाला आहे, असे मला सांगण्यात आले. ग्रामसेवक असताना आमच्या तुकडीनेही असाच गट केला होता. वर्षभरातच तो सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरून गेला. कामाचा प्रश्न त्यात कोणी विचारीनासे झाले. तो पुन्हा उपयोगात कसा आला, एवढेच आज सांगणार आहे.

आपल्या शेजारच्या गावचा सहकारी रोज भेटतो, मग दूरच्या सहाध्यायाची गरज काय, असे कोणी विचारील. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याचे उत्तर सापडते. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून खबर मिळाली तो तुम्हांला त्या काळात किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्याचे नाव घेणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्याला बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. दुसऱ्या जिल्ह्यातील सहाध्यायी मात्र निराळ्या अडचणींतून गेलेला असतो.

आता आमच्या तुकडीतील एक प्रसंग सांगतो. एका सहकाऱ्याने गटावर लिहिले, ‘पाण्यात क्लोरीन येत नाही, काय करावे?’ दोन दिवस कोणी उत्तर दिले नाही. याचा अर्थ कोणाला आस्था नव्हती असा नाही. एवढ्या त्रोटक प्रश्नाला उत्तर देणेच शक्य नव्हते. मी त्यांना दूरध्वनी करून तपशील विचारला आणि प्रश्न पुन्हा लिहावयास सांगितले. त्यांनी लिहिले, ‘टाकी ५०,००० लिटरची. टी.सी.एल. पावडर २५० ग्रॅम, पाण्यात कालवून, निवळी टाकली. अर्ध्या तासाने ओ.टी. चाचणी केली. शेवटच्या नळाला पिवळा रंग नाही. पोते पावसाळ्यापूर्वी उघडलेले आहे.’

त्याच संध्याकाळी कोकणातील एका सहाध्यायाचे उत्तर आले. ‘टाकीतूनच पाणी घेऊन चाचणी करा. तेथे रंग आला आणि नळाला आला नाही, तर दोष वाहिनीत शोधावा. टाकीतही रंग नसेल, तर आधी पावडरीवर संशय घ्यावा. दमट जागी उघड्या पोत्यातील क्लोरीन उडून जातो; आमच्याकडे असेच झाले होते.’ टाकीतील पाण्यालाही रंग आला नाही. नवे, बंद पोते आणून मात्रा दिल्यावर शेवटच्या नळाला रंग दिसला. जुन्या पावडरीचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठविण्यात आला.

या प्रसंगानंतर आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. पहिली, प्रश्नात मोजमाप, केलेली कृती आणि दिसलेला परिणाम लिहावा. दुसरी, उपाय लागू पडला की नाही, हे प्रश्नकर्त्याने गटावर कळवावे. नाही तर उत्तर देणाऱ्याचा उत्साह मावळतो आणि इतरांना त्यातून काही शिकता येत नाही. तिसरी, कोणी कोणते काम प्रत्यक्ष केले आहे, याची एक वही ठेवावी. पाणी, करवसुली, लेखापरीक्षण अशा विषयांपुढे नावे लिहावीत आणि बदल्या झाल्यानंतर दरवर्षी जूनमध्ये ती तपासावीत. वही सांभाळण्याचे काम दर सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे द्यावे. शुभेच्छांसाठी आम्ही वेगळा गट केला. त्यामुळे कोणी दुखावले नाही.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. सहाध्यायाचे मत म्हणजे शासनाचा आदेश नव्हे. निर्णय घेण्यापूर्वी मूळ शासन निर्णय स्वतः वाचला पाहिजे. ग्रामस्थांची खाजगी माहिती किंवा गोपनीय कागदपत्रे गटावर टाकू नयेत.

गट निकामी होऊ लागल्याची खूणही सांगतो. तीन महिन्यांत एकही प्रश्न आला नाही, किंवा प्रत्येक प्रश्नाला तेच दोघे उत्तर देऊ लागले, की वही सांभाळणाऱ्याने गप्प असलेल्यांपैकी चार जणांना स्वतः दूरध्वनी करावा. ‘सध्या कोणते काम अडले आहे?’ एवढेच विचारावे. आमच्या गटातील कित्येक उपयुक्त प्रश्न अशा दूरध्वनीतूनच निघाले.

आपल्या तुकडीच्या वहीचे पहिले पान आज येथून निघण्यापूर्वीच भरावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.