आजीची छायाचित्रे आणि चारशे शब्द



आमची आजी २०२४ साली गेली. वर्षश्राद्धाला आप्तमंडळी जमतील, तेव्हा तिच्या छायाचित्रांची एक छोटी चित्रफीत दाखवावी, असे घरात ठरले आणि तिचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. छायाचित्रे तीस, वेळ पाच मिनिटे. सावकाश वाचले तर मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. मध्ये थांबायला जागा ठेवायची, म्हणजे ब्याण्णव वर्षांचे आयुष्य चारशे शब्दांत बसवावयाचे होते.

पहिला खर्डा मी मोठ्या हौसेने आत्यापुढे वाचला. १९५० सालच्या लग्नाच्या छायाचित्राला मी लिहिले होते, ‘ही नववधू आजी. अंगावर शालू, नाकात नथ.’ आत्या म्हणाली, “अगं, हे आम्हांला दिसतंच आहे. जे दिसत नाही ते सांग.”

त्या एका वाक्याने माझे सारे लिखाण बदलले. त्या छायाचित्रात आजोबा खुर्चीवर बसले आहेत आणि आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. आत्याकडून ऐकून मी नवे निवेदन लिहिले: ‘मागचे खांब पडद्यावर रंगविलेले आहेत. ही मुलगी तीन दिवसांपूर्वी ग्वाल्हेर सोडून वडोदऱ्याला आली. या गावात तिच्या ओळखीचे एकच माणूस आहे, आणि तीही ओळख तीनच दिवसांची.’ एवढे बोलून थांबायचे. मग पाहणाऱ्याची नजर आपोआप खुर्चीवरच्या त्या हाताकडे जाते.

पुढे १९६० नंतरची छायाचित्रे लागली. आजोबांनी आग्फा क्लिक ३ घेतला होता. तो कॅमेरा त्या काळी आमच्या वडोदऱ्यातच तयार होई. एका गुंडाळीवर बारा चौकोनी चित्रे निघत. १९६४ सालच्या अक्षय्य तृतीयेची अकरा चित्रे अल्बमात होती. त्यांत मुले होती, पाहुणे होते, दारचे तोरणही होते. आजी मात्र एकातही नव्हती. पंगतीच्या दिवशी ती स्वयंपाकघराबाहेर येणार कशी? तेवढ्यात निगेटिव्हची पाकिटे सापडली. फिल्मच्या कडेला आकडे छापलेले असतात. ते जुळवून पाहिले, तेव्हा सातवे चित्र अल्बमात लावलेच नव्हते, हे लक्षात आले.

ते उजेडासमोर धरले. पाट्यापाशी बसून आजी पुरण वाटते आहे आणि मान वर करून हसते आहे. घरातला प्रकाश अपुरा आणि कॅमेऱ्याची झडप संथ, म्हणून चेहरा स्पष्ट उमटला, पण वरवंट्यावरचे हात पुसट झाले. बिघडले म्हणून कोणीतरी ते बाजूला टाकले होते. मी लिहिले: ‘हात पुसट आहेत, कारण ते थांबलेले नाहीत.’

१९८३ सालच्या बारशाच्या रंगीत छायाचित्रात मी फसणारच होते. आजीच्या अंगावरचे पातळ मला गुलाबी दिसले आणि मी तसे लिहूनही टाकले. आत्या काही न बोलता उठली आणि तिने ट्रंकेतून ते पातळ काढून आणले. ते फिकट निळे होते. त्या काळच्या रंगीत चित्रांतला निळसर रंग अंधाऱ्या पेटीतही हळूहळू विरतो आणि सारे चित्र तांबूस होते. छायाचित्र खोटे बोलत नसेल, पण म्हातारपणी त्यालाही विसर पडतो.

आजोबा १९७९ साली गेले. त्यानंतर चार वर्षे आजीने पांढऱ्याखेरीज दुसरे काही नेसले नाही. नातीच्या बारशाला मात्र ती एकटी मांडवीत गेली आणि हे पातळ घेऊन आली. कोणी काही म्हणाले का, असे मी आत्याला विचारले. “म्हणाले असतील, तिनं ऐकलं नाही,” आत्या म्हणाली. निवेदनात मी एवढेच ठेवले: ‘चित्रातला निळा रंग उडाला आहे. पातळ निळे होते. ते तिने स्वतः पसंत केले होते.’

शेवटचे छायाचित्र २०२३ सालचे, ओसरीवरचे. त्याला मी मायेची सावली वगैरे आठ ओळी लिहिल्या होत्या. वाचून पाहिल्या, तर त्या कोणाच्याही आजीला लागू पडल्या असत्या. त्या सगळ्या खोडल्या. त्या चित्रावर आता कोणी बोलत नाही. आठ सेकंद फक्त ती दिसते.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी चित्रफीत लावली. पाट्यापाशी बसलेली आजी पडद्यावर आली. मी वाक्य वाचून थांबले, तेव्हा अंधारातून आत्याचा आवाज आला, “मीच हाक मारली होती तिला. म्हणून तिनं वर पाहिलं.”

माझ्या चारशे शब्दांत ते वाक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ते निवेदनात घातले.