गोळी बंद करू नका, बॅच नीट निवडा

दिवसा कोड लिहितो आणि सकाळी सहाला सोसायटीच्या हॉलमध्ये योगासनं शिकवतो, तोच मी. आज स्वतःच्याच क्लासची जाहिरात करणार आहे. पण आधी जुन्या जाहिरातीतली चूक सांगतो.

माझ्या पहिल्या पत्रकावर होतं, 'मधुमेह, बीपी, पाठदुखीपासून कायमची सुटका'. सगळे लिहितात म्हणून मीही लिहिलं. एक काका पंधरा दिवस आले आणि सहज म्हणाले, "अरे, बीपीची गोळी थांबवली मी. तुझ्या कागदावरच आहे ना!" माझे हातपायच गार पडले. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं आणि संध्याकाळी ती ओळ काढून टाकली.

आता एवढंच लिहितो: नियमित केलंत तर अंग मोकळं होईल, तोल सुधारेल, बऱ्याच जणांना झोपही बरी लागते. गोळी कमी करायची की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. वजनाचं विचाराल, तर खाणं तेच ठेवून नुसत्या आसनांनी काटा फारसा हलत नाही.

आता बॅचेस. तीन आहेत, आणि त्या वयावर नाहीत. पहिलीत खुर्ची, भिंत आणि घडी घातलेली चादर यांच्या आधाराने आसनं होतात. दुसरीत सूर्यनमस्कार, पण सावकाश. नाकाने श्वास चालू राहिला पाहिजे, तोंड उघडून धाप लागली तर थांबायचं. तिसरीत सर्वांगासन आणि शीर्षासनाची तयारी. तिथे मी थेट कुणालाच घेत नाही.

माझ्या ऑफिसातला एक मित्र, जिमवाला गडी, थेट तिसरी बॅच मागत होता. त्याला पश्चिमोत्तानासन करायला सांगितलं. बोटं पायाच्या अंगठ्याला लागली, तो खूश! पण बाजूने बघितलं तर पाठीची पार कमान झालेली, आणि कंबर मागेच राहिलेली. म्हणजे वाकणं खुब्यातून होत नव्हतं, सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर. बसायला घडीची चादर दिली, गुडघे थोडे वाकवले, तेव्हा हात नडगीपर्यंतच गेले, पण पाठ सरळ राहिली. त्याला पहिल्या बॅचमध्ये टाकलं. आठवडाभर रुसला होता साहेब. दीड महिन्याने दुसरीत आला.

आणि ते काका? गोळी सुरू आहे, आणि ते पहिलीतच आहेत. डोकं खाली, पाय वर असली आसनं त्यांना मी देत नाही. ते नापास झालेत असं समजू नका, त्यांची बॅचच ती आहे.

शनिवारी या, पहिला तास फुकट आहे. पोट रिकामं ठेवा. बीपी, काचबिंदू, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर चटई अंथरायच्या आधी मला सांगा. सगळ्यांसमोर नको वाटलं तर पाच मिनिटं लवकर या.