पाणी पिणारी बॅटरी की मेंटेनन्स-फ्री?

आजचा प्रश्न असा: गाडीची मेंटेनन्स-फ्री बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला लावली तर काय बिघडतं? पाणी टाकायची कटकट तर नाही!

उत्तर बॅटरीच्या आत आहे. प्लेटमधला मसाला शिशाच्या जाळीवर बसलेला असतो. शुद्ध शिसं मऊ असतं, म्हणून जाळी कडक करायला त्यात अँटिमनी नाहीतर कॅल्शियम मिसळतात.

अँटिमनी मसाल्याला जाळीशी घट्ट धरून ठेवतं. म्हणून बॅटरी रोज खोलवर उतरली, पुन्हा भरली, तरी टिकते. पण हे अँटिमनी हळूहळू विरघळून निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसतं. तिथं चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सहज सुटायला लागतो, म्हणजेच पाणी उडतं. बॅटरी जुनी होते तशी तहान वाढते, ती यामुळंच.

कॅल्शियम अगदी थोडं, साधारण ०.१ टक्क्याच्या आत, घालतात. गॅस कमी सुटतो, पाणी टिकतं. पण बॅटरी वारंवार खोल उतरवली की जाळी आणि मसाला यांच्यामध्ये वीज अडवणारा थर धरतो. कथील मिसळून हा त्रास कमी करतात, म्हणून सोलरसाठी खास बनवलेल्या काही सीलबंद बॅटऱ्या चालतात. गाडीच्या बॅटरीचं तसं नाही. तिच्या प्लेटाही पातळ असतात. स्टार्टरला काही सेकंद करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम.

आता हिशेब करू. समजा पाटोद्यात रात्री चार तास लाईट गेली. दोन पंखे आणि दिवे मिळून २०० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरचा तोटा धरून, साधारण २० अँपिअर जातात. चार तासांत झाले ८० अँपिअर-तास. १५० ची ट्यूब्युलर बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त उतरेल, आणि कमी अँटिमनीची जाळी असेल तर ती हे रोज सोसते. गाडीची ३५ ची बॅटरी दीड तासातच तळाला जाईल. असं रोज झालं, तर काही महिन्यांतच तिचा बॅकअप घसरतो.

आता पाण्याचं. बॅटरी भरल्यावरही रोज ५ अँपिअर-तास जास्तीचं चार्जिंग झालं, तर सहा सेलमधून मिळून सुमारे १० मिली पाणी उडतं. महिन्याला ३०० मिली! म्हणून ट्यूब्युलर घेतली की फ्लोटवर नजर ठेवा. पातळी खाली गेली की फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, बोअरचं नको आणि ॲसिडही नको. टाकायचं ते चार्जिंग झाल्यावर, नाहीतर फुगून बाहेर येतं. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर आधी त्या बुडतील एवढं टाका.

आणि महिन्याचं पाणी एकदम दुप्पट लागायला लागलं, चार्जिंगला बॅटरी गरम होऊ लागली, तर पाणी ओतत बसू नका. आधी इन्व्हर्टरचं चार्जिंग व्होल्टेज तपासून घ्या. ते बरोबर निघालं, तर बॅटरीच म्हातारी झालीय!