रौप्यमहोत्सवी ऋणनिर्देश

१९३५ साली किर्लोस्करवाडीस पंचवीस वर्षे झाली. अशा प्रसंगी संस्थापक बोलावयास उभा राहतो, तेव्हा त्यास दोन गोष्टी सांगाव्याच लागतात. पहिली, आरंभीची उपेक्षा. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकावाचून पडून होते. दुसरी, सोबत्यांचे ऋण. बेळगावची जागा सुटल्यावर १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचे माळरान दिले. निवडुंगाच्या त्या माळावर रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभोराव जांभेकरांनी यंत्रे चालविली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले. डोक्यावर छप्पर नसताना ही मंडळी आली होती. म्हणून तेथे आभार म्हणजे उपचार नव्हे. ती ऋणाची जाहीर कबुली होय.